लग्नाच्या वाढदिवसाला पत्नीने करायचे चार मिनिटांचे भाषण: कठीण वर्षांविषयी कसे लिहावे आणि कसे बोलावे

लग्नाच्या पंचविसाव्या, पस्तिसाव्या किंवा पन्नासाव्या वाढदिवसाला पुण्यातल्या घरांत आता एक छोटा समारंभ ठरलेला असतो. औक्षण होते, केक कापला जातो, मुले जुन्या फोटोंची चित्रफीत दाखवतात आणि मग कोणीतरी पत्नीच्या हातात माइक देऊन म्हणते, "आता तुम्ही बोला." ज्या स्त्रीने आयुष्यात कधी चार माणसांसमोर उभे राहून भाषण केलेले नाही आणि जिला संसारातल्या कठीण वर्षांत आपल्याला कशाने तारले हे खरेपणाने सांगायचे आहे, तिच्यासाठी हा लेख आहे. माझ्या वहिनींनी दोन वर्षांपूर्वी कोथरूडच्या एका कार्यालयात असे भाषण केले. त्याची तयारी आम्ही दोघींनी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून केली, म्हणून त्याच भाषणाच्या आधाराने एकेक पायरी सांगते.

पहिली पायरी म्हणजे कोणत्या वर्षांविषयी बोलायचे ते ठरवणे. पस्तीस वर्षांच्या संसारात आजारपण असते, घराचे कर्ज असते, सासरच्या माणसांचे रुसवेफुगवे असतात, मुलांची दहावी-बारावी असते. नवख्या माणसाचा कल हे सगळे थोडे थोडे सांगण्याकडे असतो, पण तसे केले की भाषणाला यादीचे रूप येते आणि ऐकणाऱ्याच्या मनात एकही चित्र उभे राहत नाही. म्हणून एकच काळ निवडावा, आणि तोही संपलेला असावा. ज्या दुखण्याचा उपचार अजून चालू आहे किंवा ज्या भावाशी अजून अबोला आहे, तो विषय त्या दिवशी नको, कारण त्याविषयी बोलताना तुमचा आवाज तुमच्या ताब्यात राहणार नाही आणि समोरच्यांनाही कोठे पाहावे ते कळणार नाही. वहिनींनी 2001 ते 2003 हा काळ निवडला. दादाचा भोसरीचा कारखाना 2001 च्या जूनमध्ये बंद पडला आणि त्यानंतर सव्वादोन वर्षे घरात ठरलेला पगार आला नाही.

काळ ठरला की लिहायला बसण्याआधी नवऱ्याला विचारावे. हे भाषण त्याला अनपेक्षित भेट म्हणून द्यायचे असा मुलांचा आग्रह असतो, पण कठीण वर्षांचा विषय असेल तेव्हा मी त्याच्या ठाम विरोधात आहे. ती वर्षे दोघांची असतात, आणि नवऱ्याचे सहकारी, व्याही, सोसायटीतले शेजारी समोर बसलेले असताना आपल्या सर्वांत पडत्या काळाची गोष्ट त्याने पहिल्यांदा ऐकावी, हे बरे नाही. वहिनींनी विचारल्यावर दादा थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "सांग, पण 'नोकरी गेली' असं म्हणू नकोस. कारखाना बंद पडला, माझी नोकरी कोणी घेतली नव्हती." हे त्याचे म्हणणे खरे होते. "नोकरी गेली" म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात माणसाच्या उणेपणाची शंका डोकावते. "कारखाना बंद पडला" म्हटले की जे घडले तेवढेच सांगितले जाते. अशी दोन-तीन शब्दरूपे नवऱ्याकडून आधीच ठरवून घ्यावीत. कर्जाचा आकडा, दागिने गहाण ठेवले असतील तर तो तपशील, दारूसारखी सवय असेल तर तिचा उल्लेख, या गोष्टी त्याची मनापासून संमती असल्याशिवाय कागदावर येऊ देऊ नयेत.

यानंतरची पायरी सर्वांत अवघड आहे आणि खरे तर सगळे भाषण तिच्यावरच उभे राहते. कशाने तारले, या प्रश्नाचे उत्तर शोधायचे असते. वहिनींच्या पहिल्या कच्च्या मसुद्यात ते असे होते: "संसाराचा रथ दोन चाकांवर चालतो. एकमेकांवरील विश्वास, समजूतदारपणा आणि तडजोड यांच्या बळावर आम्ही संकटांवर मात केली. यांची मला खंबीर साथ लाभली." यात खोटे काहीच नव्हते, तरीही मी ते वाचून दाखवले तेव्हा वहिनी स्वतःच म्हणाल्या, "हे तर कोणाच्याही लग्नात वाचता येईल." विश्वास, तडजोड, साथ हे शब्द म्हणजे घडलेल्या गोष्टींना नंतर दिलेली नावे असतात. ऐकणाऱ्याला नाव नको असते, त्याला घडलेली गोष्ट हवी असते.

मग ती शोधायची कशी? मी वहिनींना गुण विचारणे सोडून दिले आणि वेगळे प्रश्न विचारले. त्या दिवसांत संध्याकाळी सहा ते रात्री अकरा घरात काय काय व्हायचे? दोघे कोठे बसायचे? आधी करत नव्हता आणि त्या काळात करू लागलात, असे काय होते? पहिल्या दोन प्रश्नांना सर्वसाधारण उत्तरे आली, पण तिसऱ्या प्रश्नावर त्या सहज म्हणाल्या, "म्हणजे, रात्री वही लिहायचो तेवढंच." त्यांना ते सांगण्याजोगे वाटत नव्हते. पण पुढचा पाऊण तास आम्ही त्या वहीबद्दलच बोललो, आणि शेवटी वहिनींनी फडताळाच्या वरच्या कप्प्यातून ती काढून आणली: शंभर पानी, पुठ्ठा सुटलेला, प्रत्येक पानावर दोन अक्षरे, दादाचे उभे आणि वहिनींचे उजवीकडे झुकलेले, आणि मध्येच हळदीच्या बोटाचा डाग. साधारणपणे असेच होते. जी गोष्ट रोज केली म्हणून सवयीची झाली, ती करणाऱ्यालाच दिसेनाशी होते. म्हणून उत्तर देताना ज्या वाक्याला तुम्ही "तेवढंच" किंवा "त्यात काय विशेष" असे जोडता, त्या वाक्यापाशी थांबावे.

सापडलेली गोष्ट योग्य आहे की नाही, हे पाहण्याची एक साधी कसोटी आहे. त्या वेळी कोणी तुमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी उभे असते, तर त्याला ती डोळ्यांनी दिसली असती का? वहीत लिहिणे दिसते, समजूतदारपणा दिसत नाही. दुसरा प्रश्न असा, की त्या गोष्टीने नेमके काय बदलले, हे तुम्हाला एका वाक्यात सांगता येते का? वहीने घरातले पैसे वाढवले नव्हते. तिने पैशाच्या भांडणाला एक वेळ आणि एक जागा ठरवून दिली, त्यामुळे उरलेला दिवस मोकळा झाला. आणि दोघांनी आपापला खर्च आपापल्या हाताने लिहायचा असल्यामुळे, कमाई नसलेल्या नवऱ्याला बायकोपुढे जाब द्यावा लागला नाही. हे वाक्य भाषणात यायचे नसते, पण ते तुम्हाला ठाऊक असले म्हणजे कोणता तपशील ठेवायचा आणि कोणता गाळायचा ते आपोआप कळते.

लिहिताना तीन ठिकाणी हमखास घसरायला होते. पहिले ठिकाण म्हणजे भाषण सोसण्याची कहाणी होणे. मसुदा झाला की त्यातले "मी" मोजावेत. वहिनींच्या दुसऱ्या मसुद्यात अकरा "मी" होते आणि "आम्ही" दोनच. मी पोळ्यांच्या ऑर्डरी घेतल्या, मी फी भरली, मी कोणाला कळू दिले नाही, असे ते चालले होते. प्रत्येक वाक्य खरे होते, पण एकत्र वाचल्यावर दादावर ठपका ठेवल्यासारखे वाटत होते, आणि तो तर त्यांचा हेतू नव्हता. दुसरे ठिकाण याच्या उलट बाजूचे आहे, सगळेच गोड करून टाकणे. आमचे कधी वाजले नाही, असे सांगितले की समोर बसलेली सख्खी माणसे मनातल्या मनात ऐकणे थांबवतात, कारण त्यांनी वाजलेले ऐकलेले असते. म्हणून स्वतःच्या एका चुकीचे एक वाक्य ठेवावे. चुकीचा तपशील नको, तिची कबुली पुरे. तिसरे ठिकाण नातेवाइकांचे. ज्यांनी मदत केली त्यांतल्या एकाच व्यक्तीचा उल्लेख करावा आणि तोही त्या व्यक्तीला किंवा तिच्या घरच्यांना विचारून. "त्या काळात कोण आपले आणि कोण परके ते कळले" हे वाक्य कितीही खरे असले तरी लिहू नये, कारण पहिल्या दोन रांगांतली प्रत्येक व्यक्ती आपण कोणत्या यादीत आहोत हे मोजू लागते.

आता भाषेविषयी दोन गोष्टी. कागदावर लिहिताना हात आपोआप लेखी मराठीकडे वळतो आणि "केले, होते, आम्हांस" अशी रूपे येतात. ती तशीच वाचली की पत्नी बोलते आहे असे वाटत नाही, अहवाल वाचला जातो आहे असे वाटते. भाषण बोलीतच लिहावे, "केलं, होतं, आम्हाला" असे, म्हणजे वाचताना जीभ अडखळत नाही. दुसरी गोष्ट नवऱ्याला काय म्हणायचे याची. घरात "अहो" म्हणणाऱ्या स्त्रीने त्या दिवशी माइकवर एकदम नाव घेऊन एकेरीत बोलू नये, आणि घरात नाव घेऊन "तू" म्हणणाऱ्या स्त्रीने पाहुण्यांच्या धाकाने "हे" आणि "यांनी" करू नये. दोन्ही ठिकाणी ऐकणाऱ्याला काहीतरी परके वाटते. जे ठरेल ते शेवटपर्यंत एकसारखे ठेवावे. उखाण्याचा आग्रह तर होणारच. भाषणाच्या मध्ये किंवा शेवटी "नाव घ्या" असा गलका झाला की साधलेला सूर मोडतो, म्हणून उखाणा पहिल्याच वाक्यानंतर स्वतःहून घेऊन टाकावा, आणि जमल्यास पुढे सांगायच्या गोष्टीचाच धागा त्यात असावा.

या सगळ्यानंतर तयार झालेले वहिनींचे भाषण त्यांच्या परवानगीने, फक्त दादाचे नाव बदलून, येथे देते.

"नमस्कार. आई आणि इथे जमलेले तुम्ही सगळे, कोणी म्हणायच्या आधी नाव घेते. जुन्या वहीच्या पानावर शेजारी दोघांचे अक्षर, अमुकरावांचे नाव करते तुमच्यासमोर सादर.

"ही वही कोणती, तेवढंच आज सांगायचं आहे. 2001 च्या जूनमध्ये यांचा कारखाना बंद पडला. पुढची सव्वादोन वर्षं घरात ठरलेला पगार आला नाही. मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती आणि मुलगा सहा.

"पहिले चार महिने आम्ही फार भांडलो. सकाळी दुधावरून, दुपारी फोनच्या बिलावरून, रात्री आणखी कशावरून. भांडण पैशाचंच असायचं आणि मुलं ते ऐकत असायची. एकदा मी मुलांसमोर यांना नको ते बोलले. काय बोलले ते आज सांगणार नाही, पण ते माझं चुकलं होतं.

"त्याच आठवड्यात यांनी शंभर पानी वही आणली. म्हणाले, 'पैशाचं जे बोलायचं ते रात्री साडेनऊनंतर, या वहीसमोर. दिवसा नाही.' मुलं झोपली की आम्ही ओट्यापाशी पाट टाकून बसायचो. ज्याचा खर्च त्याने आपल्या हाताने लिहायचा. दुसऱ्याने 'का केला' असं विचारायचं नाही. बेरीज झाली की वही फडताळात आणि दिवा बंद.

"दिवाळी तोंडावर आली होती. एका रात्री यांनी लिहिलं, 'रद्दी, 38 जमा.' त्या महिन्यातली यांची ती पहिली जमा. मी त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या, पगाराच्या दिवशी ओढायचे तशा. कोणी काही बोललं नाही.

"वही मिटली आणि झोपलो.

"त्या दिवसांत मी संध्याकाळच्या डब्यांसाठी साठ पोळ्या करायचे. खालच्या मजल्यावरच्या आजी पाच ते सात मुलांना अभ्यासाला घेऊन बसायच्या. आजी आता नाहीत, त्यांची लेक इथे बसली आहे. ताई, ते दोन तास तुमच्या आईने दिले म्हणून त्या पोळ्या झाल्या.

"2003 च्या सप्टेंबरमध्ये यांना धायरीच्या एका वर्कशॉपमध्ये काम मिळालं. त्या रात्री मला वाटलं, आता वही लागणार नाही. साडेनऊ वाजले, आणि यांनीच पाट मांडले. आजही आम्ही बसतो. आता खाली बसवत नाही, म्हणून टेबलाशी बसतो.

"अहो, कालचा हिशेब राहिलाय. कार्यालयाचं भाडं तुम्ही दिलंत, तेव्हा ते तुम्हीच लिहा."

हे भाषण सावकाश वाचले तर साडेतीन मिनिटांच्या आत संपते, आणि उखाण्यानंतरच्या टाळ्या व मधले थांबे धरून चार मिनिटे होतात. माझ्या मोजणीप्रमाणे शांतपणे बोलणारी व्यक्ती मिनिटाला शंभरेक मराठी शब्द बोलते, म्हणजे चार मिनिटांसाठी साडेतीनशे ते चारशे शब्दांपुढे जाऊ नये. घरी घड्याळ लावून, उभे राहून आणि मोठ्याने वाचून पाहावे. बसून मनात वाचले की वेळ नेहमी कमी भरते आणि प्रत्यक्षात भाषण लांबते.

भाषणाच्या मांडणीत एक गोष्ट मुद्दाम केलेली आहे, ती नवख्या वाचकाच्या लक्षात येणार नाही, म्हणून सांगते. रद्दीच्या ओळीपाशी वहिनींचा आवाज प्रत्येक सरावात भरून येत होता. ती ओळ काढावी असे त्या म्हणत होत्या, पण भाषणाचा जीवच त्या ओळीत होता. मग आम्ही तिच्यामागून दोन फार छोटी वाक्ये ठेवली, "कोणी काही बोललं नाही" आणि "वही मिटली आणि झोपलो." भरल्या गळ्याने लांब वाक्य पेलत नाही, तीन-चार शब्दांचे पेलते. ते म्हणून झाले की थांबावे, पाण्याचा घोट घ्यावा आणि पुढच्या परिच्छेदाला लागावे. तो मुद्दाम साध्या माहितीचा ठेवलेला आहे, म्हणजे आवाज पुन्हा जागेवर येतो. रडू येईल की नाही याची चिंता करत बसण्यापेक्षा ते कोणत्या शब्दावर येते हे सरावात पाहून ठेवणे अधिक उपयोगाचे आहे. एवढे करूनही बोलणे अशक्य झाले तर काय करायचे, तेही आधी ठरलेले असावे. वहिनींच्या मुलीकडे भाषणाची दुसरी प्रत होती आणि आईने कागद खाली केला तर तिने पुढे येऊन तेथूनच वाचायचे, असे दोघींचे ठरले होते. ती वेळ आली नाही.

कागदाविषयी थोडे. मोबाइलवरून वाचू नये. बोटाने वर सरकवताना ओळ हरवते, मध्येच पडदा काळा होतो, आणि नेमका त्याच वेळी कोणाचा तरी शुभेच्छांचा फोन येतो. जाड कागदाच्या अर्ध्या पानावर, एकाच बाजूला, मोठ्या अक्षरात लिहावे, प्रत्येक परिच्छेद नव्या पानावर घ्यावा आणि पानांवर ठळक आकडे घालावेत. वाचायचा चष्मा पर्समध्ये नको, हातात असावा. औक्षणाच्या गडबडीत पर्स नेमकी दुसऱ्याच खोलीत राहते. लग्नकार्याच्या सभागृहांत आवाज घुमतो, त्यामुळे माइक तोंडापासून एक मूठ अंतरावर, हनुवटीच्या थोडा खाली धरावा आणि प्रत्येक वाक्यानंतर घुमलेला आवाज विरेपर्यंत थांबावे. मागच्या रांगेत एका ओळखीच्या व्यक्तीला बसवून, ऐकू येत नसेल तर हात वर करायला सांगावे.

वेळ औक्षणानंतर आणि जेवणाच्या आधी घ्यावी, पण जेवणाची पाने मांडायला सुरुवात होण्याआधी. आचाऱ्याला किंवा व्यवस्थापकाला तसे स्पष्ट सांगून ठेवावे, कारण भांड्यांचा आवाज सुरू झाला आणि भज्यांचा वास आला की लोकांचे लक्ष परत आणता येत नाही. नवऱ्याला समोर खुर्चीवर न बसवता आपल्या शेजारी उभे करावे. शेवटचे वाक्य त्याला उद्देशून असते, आणि तेवढ्यासाठी मान वळवली की पुरते. दादाने त्या दिवशी माइक घेतला नाही. त्याने खिशातले पेन काढून वहिनींच्या हातातल्या शेवटच्या पानाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर भाड्याचा आकडा लिहिला. रात्री घरी आल्यावर वहिनींनी ते पान चालू वहीत त्या दिवसाच्या जागी चिकटवले आणि त्याखाली स्वतःच्या अक्षरात फुलांचा खर्च लिहिला.